सोडून देणारा अकिलीस, सोडवून घेणारा प्रियाम: ग्रीक मिडल व्हॉइस वाचायचा कसा

प्रश्न: स्वतःचं स्वतः ग्रीक शिकतोय, इलियडच्या पहिल्या सर्गापर्यंत आलोय. पुस्तकात लिहिलंय की मिडल व्हॉइस म्हणजे कर्त्याने स्वतःवर किंवा स्वतःसाठी केलेली क्रिया. अर्ध्या ठिकाणी हे लागूच पडत नाही. 'एर्खोमाइ' म्हणजे नुसतं 'येतो', त्यात स्वतःसाठी काय? हे आपलं आत्मनेपदच आहे का? आणि मिडल दिसला की कर्ता त्या क्रियेत किती गुंतलाय, याबद्दल नेमकं काय म्हणता येतं?

उत्तर:

'लुओ' हे एकच क्रियापद धरून सुरुवात करू. ग्रीकच्या बहुतेक पुस्तकांत रूपं याचीच पाठ करायला लावतात, तेव्हा ते तुम्हाला पाठ असणारच. त्या तक्त्याशेजारी 'मी सोडतो, मी स्वतःसाठी सोडतो, मी सोडला जातो' असे तीन अर्थ छापलेले असतात. त्यातला मधला अर्थ हीच गोंधळाची सुरुवात आहे. 'मी स्वतःसाठी सोडतो' असं मराठीत कोणी म्हणत नाही, आणि होमर वाचतानाही ते वाक्य कुठे उपयोगी पडत नाही. (ग्रीक शब्द देवनागरीत लिहितोय. 'लुओ'मधला उ ओठांचा चंबू करून 'ई' म्हटल्यासारखा असतो, तेवढं मनात धरा.)

त्याऐवजी इलियडचा चोविसावा सर्ग काढा. हेक्टर मेलाय, त्याचं प्रेत अकिलीसच्या ताब्यात आहे आणि देवांना आता ते बघवत नाही. झ्यूस अकिलीसच्या आईला, थेटिसला, बोलावून सांगतो की तुझ्या मुलाला निरोप दे, म्हणजे मला भिऊन तो हेक्टरला सोडेल. ही ओळ ११६, आणि तिथलं रूप अॅक्टिव्ह: 'लूसेइ'. लगेच पुढे तो म्हणतो, इकडे मी माझी दूत इरिस हिला हेक्टरच्या बापाकडे, प्रियामकडे, पाठवतो, की त्याने जहाजांपाशी जाऊन आपल्या मुलाला सोडवून आणावं. ही ओळ ११८, आणि रूप मिडल: 'लूसास्थाइ'. घटना एकच, प्रेत एकच, बोलणारा एकच, मध्ये एक ओळ. बदलला तो फक्त कर्ता.

यात अपघात नाही, हे पुढे वाचत गेलं की पटतं. थेटिस अकिलीसला निरोप देते (१३७) तेव्हा 'लूसोन', अॅक्टिव्ह. इरिस प्रियामला निरोप देते (१७५) तेव्हा 'लूसास्थाइ', मिडल. म्हातारा प्रियाम अकिलीससमोर बसून 'तुझ्याकडून त्याला सोडवून न्यायला आलोय' म्हणतो (५०२), तिथे 'लूसोमेनोस', मिडल. तोच प्रियाम पन्नासेक ओळींनी (५५५) अकिलीसला 'सोड त्याला' म्हणतो, तिथे 'लूसोन', अॅक्टिव्ह. आणि अकिलीस उत्तर देतो (५६१) की हेक्टरला तुझ्या हवाली करायचं माझ्याही मनात आहेच: 'लूसाइ', अॅक्टिव्ह. प्रियाम स्वतःबद्दल बोलतो तेव्हा मिडल वापरतो आणि अकिलीसबद्दल बोलतो तेव्हा अॅक्टिव्ह. एकदाही अदलाबदल नाही.

मराठीत हा फरक आपण रोज करतो, फक्त प्रत्ययाने नाही तर 'देणे' आणि 'घेणे' जोडून. अकिलीसने सोडून द्यायचं, प्रियामने सोडवून घ्यायचं. 'लिहून दे' आणि 'लिहून घे' यांत लिहिणं तेच, पण कागद शेवटी कोणाच्या हातात राहणार ते उलटं. ग्रीकमध्ये अशा जोड्या ढिगाने आहेत. 'मिस्थोओ' भाड्याने देतो, 'मिस्थूमाइ' भाड्याने घेतो. 'दानेइझो' कर्ज देतो, 'दानेइझोमाइ' कर्ज घेतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला प्रत्येक जोडीला दोन वेगळे शब्द पाठ करावे लागतात. मराठी माणसाने 'देणे-घेणे' ठेवून बघितलं की निम्मं काम होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. प्रियाम क्रियेत 'गुंतलाय' म्हणजे काय? इथे बरेच जण घसरतात, कारण गुंतणं म्हटलं की आपल्याला मेहनत किंवा जोर आठवतो. पण सर्ग नीट वाचा. प्रेताला हात कोण लावतं? अकिलीस दासींना बोलावून ते धुवायला सांगतो (५८२), दासी ते धुतात, तेल लावतात (५८७), आणि तिरडीवर ते स्वतः अकिलीस उचलून ठेवतो (५८९). प्रियाम एक गाठही सोडत नाही. तरी मिडल त्याच्या वाट्याला, आणि सगळं काम करणाऱ्या अकिलीसला अॅक्टिव्ह. म्हणजे मिडलवरून कर्त्याने किती केलं ते कळत नाही. क्रिया जिथे येऊन थांबते ती जागा कर्ताच आहे, एवढं कळतं. आपल्या भाषेत, फळ त्याच्या पदरात पडतं.

यावर एक रास्त शंका येते. फायदा तर अकिलीसलाही आहे, त्याला गाडाभर खंडणी मिळते. मग तो मिडलमध्ये का नाही? कारण 'सोडणे' या क्रियेत हेक्टर त्याच्यापासून दूर जातो. खंडणी मिळणं ही वेगळी क्रिया, आणि तिला होमर वेगळं क्रियापद देतो. ओळ १३७ मध्ये 'लूसोन'च्या पाठोपाठ 'देक्साइ' येतं: 'सोड, आणि प्रेताच्या बदल्यात खंडणी घे'. हे 'देखोमाइ' क्रियापद फक्त मिडलमध्येच चालतं. अकिलीसच्या पदरात पडणारी गोष्ट आली, की रूपही लगेच मिडलवर गेलं. 'स्वतःचा फायदा' ही व्याख्या म्हणूनच सैल आहे. फायदा कोणाला, हे विचारण्यापेक्षा या विशिष्ट क्रियेचा परिणाम कर्त्याकडे येतो की कर्त्याकडून बाहेर जातो, हे विचारलं तर उत्तर चुकत नाही.

ओळ ५६१ मध्ये अजून एक बारीक खूण आहे. अकिलीस 'हेक्तोरा तोइ लूसाइ' म्हणतो. 'तोइ' म्हणजे 'तुला', चतुर्थी. पहिल्या सर्गात पुजारी ख्रिसेस ग्रीकांना 'माझी मुलगी मला सोडा' म्हणतो (१.२०) तिथेही 'एमोइ', 'मला', आणि क्रियापद अॅक्टिव्ह. परिणाम ज्याच्याकडे जातो तो माणूस कर्त्याहून वेगळा असेल तर तो असा चतुर्थीत उभा राहतो. कर्ता आणि तो माणूस एकच असला की चतुर्थीची गरज उरत नाही, तिचं काम मिडलचा प्रत्यय करतो. वाचताना ही तपासणी फार कामाची आहे.

इथपर्यंत सगळं देण्याघेण्याचं झालं. पण 'लुओ'चा मिडल दुसऱ्या तऱ्हेनेही येतो, आणि पुस्तकी व्याख्या खरी मोडते ती तिथे. ओडिसीच्या पाचव्या सर्गात समुद्र खवळतो तेव्हा ओडिसियसचे 'लुतो गूनाता' (५.२९७), शब्दशः गुडघे सुटले. 'लुतो' हा मिडल आहे. यात गुडघ्यांनी स्वतःसाठी काय केलं? काहीच नाही. स्वतःवरही काही केलं नाही. ते सुटले, झालं. मराठीत याला तयार शब्दप्रयोग आहे: हातपाय गळाले. आणि रणात एक योद्धा दुसऱ्याला मारतो तेव्हा होमर याच क्रियापदाचा अॅक्टिव्ह वापरतो, 'लूसे दे गुइया' (इलियड ४.४६९), त्याने त्याचे अवयव सोडवले, म्हणजे त्याला आडवा केला. मारणारा अॅक्टिव्ह, गळणारे गुडघे मिडल.

प्रियाम आणि गुडघे यांना एकाच रूपात बसवणारी गोष्ट कोणती? फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५० मध्ये ती अशी मांडली: अॅक्टिव्हमध्ये क्रिया कर्त्यापासून निघते आणि त्याच्या बाहेर घडते; मिडलमध्ये कर्ता हा त्या क्रियेचं घर असतो, ती त्याच्या आत घडते. नंतरच्या अभ्यासकांनी याला कर्त्यावर होणारा परिणाम असं म्हटलं. प्रियामच्या बाबतीत परिणाम मालकीचा, गुडघ्यांच्या बाबतीत शरीराचा. कर्त्याने मुद्दाम केलं की आपोआप घडलं, हा प्रश्न मिडलच्या कक्षेतच येत नाही. प्रियाम मुद्दाम करतो, गुडघ्यांचं आपोआप होतं, रूप तेच.

म्हणून माझा सल्ला असा की मिडलला एकच मराठी साचा शोधू नका. तीनचार साचे हाताशी ठेवा आणि क्रियापद बघून उचला. एक, देणे-घेणे, तो वर आला. दुसरा, 'घालणे-करणे': 'लूओ' (हे वेगळं क्रियापद, यातला ऊ आपल्यासारखाच) म्हणजे आंघोळ घालणे, 'लूओमाइ' म्हणजे आंघोळ करणे. तिसरा, आपल्या जोडीने येणाऱ्या क्रियापदांचा: 'पाउओ' थांबवतो, 'पाउओमाइ' थांबतो, 'फाइनो' दाखवतो, 'फाइनोमाइ' दिसतो, 'हिस्तेमि' उभं करतो, 'हिस्तामाइ' उभा राहतो. तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे हे ज्याच्या जिभेवर आहे त्याला हा प्रकार शिकवावा लागत नाही. आणि चौथा, जिथे मराठी 'मला' वापरते: मला वाटतं 'ओइओमाइ', मला जाणवतं 'आइस्थानोमाइ', मला राग येतो 'ओर्गिझोमाइ', मला हवं असतं 'बूलोमाइ'. ग्रीकमध्ये कर्ता प्रथमेतच राहतो, पण भावना त्याच्या ठायी घडते हे दोन्ही भाषांना दाखवायचं असतं. एकीने विभक्ती वापरली, दुसरीने प्रत्यय.

दुसऱ्या साच्यातली एक जागा थोडं थांबून बघण्यासारखी आहे, कारण मिडल काय सांगत नाही ते तिथे स्वच्छ दिसतं. ओडिसीच्या सहाव्या सर्गात राजकन्या नौसिका दासींना सांगते की किनाऱ्याला लागलेल्या ओडिसियसला, म्हणजे की या पाहुण्याला नदीत आंघोळ घाला. अॅक्टिव्ह. दासी त्याला म्हणतात, कर बाबा आंघोळ. मिडल. ओडिसियस उत्तर देतो की मुलींनो, जरा लांब उभ्या राहा, म्हणजे 'एगो आउतोस', मी स्वतः, खांद्यांवरचं मीठ धुऊन काढतो (६.२१८-२१९), आणि तिथलं क्रियापद मिडलच. आता विचार करा. 'स्वतःच्या हाताने' हा अर्थ मिडलमध्येच असता तर 'मी स्वतः' वेगळं म्हणायची गरज काय होती? मिडलमध्ये तो अर्थ नाही म्हणूनच म्हणावं लागलं. 'दाढी करून घेतली' या मराठी वाक्यातून वस्तरा कोणाच्या हातात होता ते कळत नाही, तसंच हे. प्लेटोच्या 'मेनो'मध्ये (९३ड) थेमिस्तोक्लीसने मुलाला 'एदिदाक्सातो' उत्तम घोडेस्वार, असं येतं. मिडल आहे म्हणून थेमिस्तोक्लीस स्वतः लगाम धरून शिकवत होता असं नाही. त्याने मुलाला शिकवून घेतलं. शिकवणारा दुसरा कोणी असेल, पण मुलगा त्याचा.

आता 'एर्खोमाइ'. काही क्रियापदांना अॅक्टिव्ह रूपच नसतं: देखोमाइ, बूलोमाइ, माखोमाइ (लढतो), हेपोमाइ (मागोमाग जातो), केइमाइ (पडून असतो). जुनी पुस्तकं यांना डिपोनंट म्हणतात, म्हणजे मिडलचा अर्थ 'टाकून दिलेली', आणि 'रूप मिडल, अर्थ अॅक्टिव्ह' असं सांगून मोकळी होतात. हा लॅटिनच्या व्याकरणातून आलेला शब्द आहे आणि मी तो वापरत नाही, कारण त्याने विचार करणं थांबतं. घेणं, हवं असणं, पडून असणं, मागोमाग जाणं, समोरासमोर लढणं, या सगळ्यांत परिणाम कर्त्यावर होतोच. यांनी काही टाकून दिलेलं नाही. पण दुसरं टोकही टाळा. 'एर्खोमाइ'चा भूतकाळ 'एल्थोन' आहे आणि तो अॅक्टिव्ह आहे. 'येतो' म्हणताना माणूस गुंतलेला आणि 'आला' म्हणताना सुटलेला असं काही नसतं. चालण्या-फिरण्याची क्रियापदं मिडलकडे झुकतात, एवढा कल आहे. 'बाइनो' (पावलं टाकतो) आणि 'त्रेखो' (धावतो) ही अॅक्टिव्ह आहेत, आणि गंमत म्हणजे भविष्यकाळात तीच मिडल होतात. 'पास्खो', म्हणजे सोसतो, ज्याच्यात कर्त्यावर होणाऱ्या परिणामाखेरीज दुसरं काही नाही, तेही वर्तमानात अॅक्टिव्हच.

मग अर्थ काढायचा तरी कुठे? याचं सर्वात नेटकं उत्तर ग्रीक वैयाकरणांकडे मिळत नाही. दिओनिसियोस थ्राक्सने या प्रकाराला 'मेसोतेस' म्हणजे मध्यपणा असं नाव दिलं, पण त्याच्या उदाहरणांत 'पेपेगा'सारखी रूपं आहेत जी आपण आज अॅक्टिव्हच म्हणू. तेव्हा 'मधला' या नावावरून काही अनुमान काढू नका. उत्तर पाणिनीकडे आहे. तुम्ही आत्मनेपदाबद्दल विचारलंत म्हणून हे जरा सावकाश सांगतो.

अष्टाध्यायीत आत्मनेपदाची सूत्रं एकाच धाग्यात नाहीत. १.३.१२, 'अनुदात्तङित आत्मनेपदम्', हे सांगतं की अमुक खुणा असलेल्या धातूंना आत्मनेपद लावा. बस. अर्थाचा उल्लेख नाही. आस्ते, शेते, लभते ही इथली गिऱ्हाइकं. आपल्याला हवा तो अर्थ बऱ्याच पुढे येतो, १.३.७२ मध्ये: 'स्वरितञितः कर्त्रभिप्राये क्रियाफले'. वेगळ्या खुणांचे जे धातू दोन्ही पदांत चालतात, त्यांनाच, आणि क्रियेचं फळ कर्त्याकडे जात असेल तर, आत्मनेपद. म्हणून दक्षिणा घेऊन दुसऱ्याचा यज्ञ करणारा पुरोहित 'यजति', आणि ज्याच्यासाठी यज्ञ आहे तो यजमान 'यजते', मग आहुती त्याच्या हाताने पडो न पडो. प्रियाम आणि अकिलीसचा हिशोब हाच आहे. झेनोफोनच्या 'आनाबासिस'मध्येही सेनापती कूच करण्याआधी कौल घ्यायला बळी देतो तेव्हा 'थुएस्थाइ', मिडल, येतं. आतडी बघून सांगणारा भविष्यवेत्ता वेगळा, पण कौल हवा असतो सेनापतीला.

तर आत्मनेपद आणि मिडल हे नात्याने भाऊ आहेत, दोन्हींचे प्रत्यय एकाच जुन्या घरातून आलेत, 'शेते' आणि 'केइताइ' हे तर धातूपासून प्रत्ययापर्यंत एकच. पण त्याहून कामाची गोष्ट ती सूत्रांची विभागणी. ज्या धातूला दोन्ही पदं मोकळी आहेत तिथेच पदावरून अर्थ काढा. जिथे मोकळीक नाही तिथे रूप धातूबरोबर जन्मतःच आलेलं आहे, लेखकाने ते निवडलेलं नाही. प्रियामच्या बाबतीत होमरसमोर 'लूसाइ' आणि 'लूसास्थाइ' दोन्ही होती आणि त्याने एक उचललं. 'देखोमाइ'च्या बाबतीत उचलण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

हे न पाळल्याने काय होतं, याचा नमुना नव्या करारात सापडतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१३.८) पौल लिहितो की भविष्यवचनं रद्द होतील, भाषा 'पाउसोन्ताइ', ज्ञान रद्द होईल. दोन्ही बाजूंना 'रद्द होतील' हे पॅसिव्ह आणि मध्ये 'पाउसोन्ताइ' हा मिडल. यावरून एक मोठा युक्तिवाद उभा राहिलाय: बाकीच्या दोन गोष्टी कोणीतरी बाहेरून बंद करील, पण भाषा 'आपल्या आपण' संपतील, कारण मिडल. ऐकायला फार पटण्यासारखं वाटतं. आता कोश उघडा. 'पाउओ' म्हणजे थांबवणे, त्याला कर्म लागतं. नुसतं 'थांबणे' म्हणायचं तर ग्रीकमध्ये 'पाउओमाइ' हाच रोजचा शब्द आहे. भाषा थांबतील एवढंच लिहायचं असतं तरी पौलाला हेच रूप घ्यावं लागलं असतं. मग लूकचं शुभवर्तमान उघडा, ८.२४. येशू वाऱ्याला आणि लाटांना दरडावतो, आणि ते 'एपाउसान्तो', थांबले. तोच मिडल, आणि थांबवणारा तर त्याच ओळीत आधी समोर उभा आहे. 'पाऊस थांबला' या वाक्यात तो कोणी थांबवला की आपण थांबला याची माहिती नसते, 'पाउसोन्ताइ'मध्येही नाही. पौलाचा धर्मशास्त्रीय अर्थ काय तो त्याच्या बाकीच्या वाक्यांवरून काढा, या प्रत्ययावर तो टांगता येत नाही.

दुसरी जागा अशी की जिथे निवड खरोखर होती, तरी अर्थ जपून काढावा लागतो. 'आइतेओ', मागतो, हे दोन्हींत चालतं. मार्कच्या सहाव्या अध्यायात हेरोद राजा नाचून दाखवणाऱ्या मुलीला 'मागशील ते देईन' म्हणतो तेव्हा अॅक्टिव्ह आहे (२२-२३). ती आईकडे जाऊन 'मी काय मागून घेऊ' विचारते तेव्हा मिडल (२४), आणि परत येऊन मागते तेव्हाही मिडल (२५). वचन मिळालंय, आता हक्काने पदरात पाडून घ्यायचंय, हा रंग इथे मला दिसतो. पण याकोबाच्या पत्रात (४.२-३) हेच क्रियापद दोन ओळींत मिडल, अॅक्टिव्ह, मिडल असं येतं: मागत नाही म्हणून मिळत नाही, मागता आणि मिळत नाही, कारण वाईट रीतीने मागता. शेवटच्या दोन वाक्यांतलं मागणं एकच आहे, दुसरं वाक्य पहिल्याचं कारण देतंय. तिथे दोन रूपांना दोन अर्थ लावले तर वाक्यच तुटतं. नियम एवढाच, की फरक करून बघा, आणि संदर्भाला तो पेलत नसेल तर सोडून द्या.

राहिली ओळखायची बाब, ती थोडक्यात. वर्तमान, अपूर्ण भूत आणि पूर्ण काळात मिडल आणि पॅसिव्ह यांचं रूप एकच असतं; 'लुएताइ' सुटं दिलं तर दोन्ही. तिथे द्वितीयेतलं कर्म दिसलं तर बहुधा मिडल, 'हुपो' आणि षष्ठी दिसली तर पॅसिव्ह. भविष्य आणि अओरिस्त, म्हणजे साधा भूतकाळ, यांत रूपं वेगळी होतात, म्हणून शिकताना उदाहरणं याच काळांतली घ्यावीत. वर मी तेच केलंय. पण अओरिस्तमधला 'थे' दिसला की डोळे मिटून 'केला गेला' लावू नका. 'एफोबेथे' म्हणजे घाबरला, 'एपोरेउथे' म्हणजे निघाला. अथेन्सचा लेखक 'उत्तर दिलं' याला 'अपेक्रिनातो' म्हणेल, शुभवर्तमानांत तिथे बहुतेक वेळा 'अपेक्रिथे' मिळेल, आणि अर्थात तसूभर फरक नाही. एक सापळा थेट आपल्या क्रियापदातच आहे: 'लूसाइ' हे अॅक्टिव्हचं 'सोडणे' हे रूपही आहे आणि मिडलची 'सोडवून घे' ही आज्ञाही, स्वरचिन्हासकट सारखंच. ओळ ५६१ च्या आधीच्या ओळीत 'नोएओ', माझ्या मनात आहे, असं आहे म्हणून ते 'सोडणे'. लांब क्रियापदांत स्वर मदतीला येतो. प्रेषितांची कृत्ये २२.१६ मधल्या 'बाप्तिसाइ'त आघात पहिल्या अक्षरावर आहे, म्हणून ती मिडलची आज्ञा, 'बाप्तिस्मा घे'. तोच आघात दुसऱ्यावर असता तर अॅक्टिव्ह, 'बाप्तिस्मा देणे'.

तुम्ही पहिल्या सर्गात आहात, तर पुस्तक बाजूला ठेवून याच सर्गातल्या तीन ओळी जुळवून बघा. १३ मध्ये ख्रिसेस मुलीला सोडवून घ्यायला येतो, 'लूसोमेनोस', तिथे आणि अख्ख्या चोविसाव्या सर्गात तोच हिशोब. २९ मध्ये अगामेम्नॉन 'ऊ लूसो' म्हणतो, सोडणार नाही, अॅक्टिव्ह. आणि ९५ मध्ये भविष्यवेत्ता काल्खास सगळ्या भानगडीचं कारण एका ओळीत सांगतो: याने 'अपेलूसे' नाही मुलीला, आणि 'अपेदेक्सातो' नाही खंडणी. पहिलं अॅक्टिव्ह, दुसरं मिडल. मुलगी सोडून दिली नाही, खंडणी घेतली नाही.